‘का’पासून सुरू होणारा प्रश्न

वर्गात अशी मुले असतात, जी धडा घडाघडा वाचून दाखवतात; पण वाचून झाल्यावर ‘यात काय सांगितलंय?’ असे विचारले की खाली मान घालतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ॲनमेरी पालिंक्सार आणि ॲन ब्राउन या संशोधकांनी सातवीतली नेमकी अशीच मुले निवडली. अक्षरओळख पक्की, आकलन मात्र आपल्या इयत्तेच्या बरेच मागे.

तास साधा होता. शिक्षक आणि मुलांचा छोटा गट मिळून एक परिच्छेद वाचायचा. मग ज्याची पाळी असेल त्याने ‘शिक्षक’ व्हायचे: परिच्छेदावर प्रश्न विचारायचा, त्याचा सारांश सांगायचा, अडलेला शब्द सोडवायचा आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. पुढच्या परिच्छेदाला पाळी दुसऱ्याची.

पहिल्या दिवशी परिच्छेद होता विषारी सापांचा. डोळे आणि नाकपुड्या यांच्यामध्ये खळगी असलेल्या, आणि त्या खळगीने उष्ण रक्ताच्या प्राण्याचा माग काढणाऱ्या ‘पिट व्हायपर’ सापांचा. एका मुलाची पाळी आली. त्याने सापांची दोन-तीन नावे घेतली, वाक्य अर्धवट सोडले आणि आपल्याला हे जमत नाही, असे सांगून टाकले. शिक्षिकेने आधी विषय आवळला: या पिट व्हायपरबद्दलच विचारायचे आहे ना? मग सुरुवातीचा शब्द दिला, ‘का’. तरी गाडी पुढे सरकेना. तेव्हा तिने अख्खा प्रश्नच सांगितला: या सापांना पिट व्हायपर का म्हणतात? तोही मुलाला धड उचलता आला नाही. दोनदा वाक्य मोडले, तिसऱ्यांदा तोच प्रश्न त्याच्या तोंडून नीट बाहेर पडला आणि शिक्षिकेने शाबासकी दिली.

ही निव्वळ पोपटपंची वाटेल. पुढचे दिवस पाहिले की तसे वाटत नाही. आठवडाभराने, ज्वालामुखीच्या परिच्छेदावर, त्याला ‘काय होतं, जेव्हा...’ एवढाच धागा पुरला. उरलेला प्रश्न त्याने स्वतः बांधला. अकराव्या दिवशी कीटक खाणाऱ्या वनस्पतींवर त्याने एका दमात दोन प्रश्न विचारले. शिक्षिकेने दोन्हींचे कौतुक केले आणि एका वेळी एकच विचार, एवढे सुचवले. पंधराव्या दिवशी त्याने विचारले की शास्त्रज्ञ अभ्यासासाठी दक्षिण ध्रुवावर का जातात. आता मदतीची गरजच उरली नव्हती.

या मुलाच्या पहिल्या दिवसाचे कोडे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी आधीच उलगडून ठेवले होते. १९३४ साली, वयाच्या ३७व्या वर्षी क्षयाने गेलेल्या या माणसाने दोन मुलांचे उदाहरण दिले आहे. चाचणीत दोघांचेही मानसिक वय आठ. पण थोडी मदत मिळताच एक बारा वर्षांच्या मुलाला साजेशी उदाहरणे सोडवतो, दुसरा नऊच्या पुढे जात नाही. मग दोघे सारखे कसे? एकट्याने जे जमते आणि जाणत्याच्या मदतीने जे जमते, त्यांमधल्या पट्ट्याला त्यांनी समीप विकासाचे क्षेत्र म्हटले. शिकवायचे ते या पट्ट्यात.

स्कॅफोल्डिंग ही संज्ञा मात्र विगोत्स्कींची नाही. ती शिक्षणात रूढ झाली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६च्या निबंधामुळे. त्यात तीन ते पाच वर्षांची ३० मुले २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचतात. बांधकामावरच्या परांचीसारखी ही मदत तात्पुरती असते. वुड यांनी पुढे तिचा नियमही मांडला: मूल चुकले तर पुढची मदत थोडी वाढवायची, जमले की लगेच थोडी काढून घ्यायची. सापांच्या धड्यात मदत पायरीपायरीने वाढली, नंतरच्या दिवसांत ती तशीच ओसरली.

चूक होते ती इथेच. महिन्याभरानंतरही शिक्षकच प्रश्नाची सुरुवात करून देत असेल, तर तो आधार नव्हे, सवय. उलट, मुलाला अजून जोडाक्षरेच वाचता येत नसतील, तर हा तास त्याच्या पट्ट्याबाहेरचा आहे. त्याला आधी वाचता येण्याचीच मदत हवी. मूल कुठे आहे ते ओळखायची खूण सोपी आहे: लहानशा इशाऱ्याने त्याचे उत्तर सुधारते का, हे पाहायचे. सुधारले तर मजकूर योग्य. अख्खे उत्तर सांगूनही दिवसामागून दिवस काहीच हलत नसेल, तर मजकूर सोपा करायला हवा.

या पद्धतीवरच्या १६ अभ्यासांचा आढावा १९९४ साली रोझेनशाइन आणि माइस्टर यांनी घेतला. संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांत फायदा मोठा दिसला, प्रमाणित चाचण्यांत बराच कमी. म्हणजे पद्धत उपयोगी आहे, रामबाण नाही. ज्यांना ती वर्गात करून पाहायची आहे, त्यांनी एका परिच्छेदापासून आणि एकाच कामापासून, प्रश्न विचारण्यापासून, सुरुवात करावी. आणि कोणत्या मुलाला आज किती मदत लागली, याची रोज एक ओळ वहीत लिहावी.