विस्कटलेला प्रकल्प आणि समासातल्या ओळी

समजा, कोल्हारच्या एका घरातली पहिलीच मुलगी कॉलेजात गेली आहे. तिच्या प्रकल्पाचा विषय आहे प्रवराकाठचा ऊस. घरात कुणी प्रकल्प लिहिलेला नाही, त्यामुळे मिळेल ते तिनं कागदावर उतरवलं: भंडारदरा धरण, आजोबांच्या आठवणी, कारखाना, ऊसतोड, मग पुन्हा धरण.

ते कागद ती कॉलेजच्या ग्रंथालयात दाखवते. ग्रंथपाल मॅडम वाक्यांना हातच लावत नाहीत. "बाळ, प्रत्येक परिच्छेदाला आकडा दे आणि तो काय सांगतो ते समासात एका ओळीत लिही." ओळ जमली नाही, तर त्या परिच्छेदात दोन मुद्दे कोंबलेले असतात; तो तोडायचा. तीच ओळ दोनदा आली, तर दोन्ही एकत्र करायचे.

मग फक्त समास वाचायचा. तिथं तिला दिसतं की धरण १९२६ चं, प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा, आणि मधल्या चोवीस वर्षांवर एकही ओळ नाही. पाणी आलं, मग शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहायला एवढा वेळ का लागला? प्रकल्पाचा प्रश्न इथंच सापडतो. त्याला उत्तर न देणारे परिच्छेद, कितीही आवडते असले तरी, बाजूला जातात.

आता मॅडम कपाटाकडे वळतात: जिल्ह्याचं गॅझेटियर, हा कारखाना उभारणारे धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे यांच्यावरची पुस्तकं. समासाची युक्ती मांडणीतली भोकं दाखवते, मजकूर खरा की खोटा हे नाही. म्हणून आजोबांची आठवण राहते, पण कुणी, केव्हा सांगितली याच्या नोंदीसह.