पाचाचे तीन, तिनाचे पुन्हा पाच

पैठणीचं एक दुकान समजा. मोरपंखी रंगाच्या एकाच डिझाइनच्या पाच साड्या कपाटात आहेत. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ५, वेबसाइटवरही ५. दोन्हींना जोडणारा प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी बिलिंगमधला आकडा वेबसाइटवर चढवतो.

सहाला त्याने ५ चढवले. सहा वाजून पाच मिनिटांनी नागपूरच्या एका बाईंनी ऑनलाइन दोन घेतल्या आणि वेबसाइटने आपल्यापुरते ३ केले. ती ऑर्डर बिलिंगमध्ये मात्र अजून उतरलेली नाही. सव्वासहाला प्रोग्रॅम पुन्हा आला, बिलिंगमधला ५ उचलला आणि वेबसाइटवरचे ३ पुसून तिथे लिहिला. विकलेल्या दोन साड्या परत विक्रीला लागल्या! रात्रीतून आणखी चार गेल्या, की पैसे सहा साड्यांचे आणि कपाटात पाचच.

अशा वेळी बहुतेक दुकानदार पंधरा मिनिटांचं एक मिनिट करून मागतात. त्याने काहीच साधत नाही. तिनाचे पाच तेवढे लवकर होतात. चूक वेगात नाही, क्रमात आहे. आधी ऑनलाइन ऑर्डरी बिलिंगमध्ये उतरवायच्या आणि मगच आकडा चढवायचा. तोही कपाटातल्या मालाचा नाही, तर त्यातून अजून रवाना न झालेल्या ऑर्डरी वजा करून उरलेला: पाच वजा दोन, म्हणजे तीन. एवढं झालं की मग वेळ कमी करण्याला अर्थ येतो, कारण काउंटरवर फाटलेलं बिल वेबसाइटला लवकर कळतं.

पण जे बिलच फाटलं नाही, त्याचं काय? आपल्याकडे साड्या जांगडवर जातात. घरी दाखवून आणते म्हणून ओळखीच्या वहिनी तीन नेतात, दोन दिवसांनी दोन परत येतात. तोवर सॉफ्टवेअरच्या मते तिन्ही कपाटातच असतात. यावर साधी सोय आहे. बिलिंगमध्ये ‘जांगड’ नावाचं वेगळं गोडाऊन उघडा, साडी दाराबाहेर पडताना तिकडे टाका आणि त्या गोडाऊनचा माल वेबसाइटला दाखवू नका. कंटाळवाणं काम आहे, पण सणाच्या गर्दीत घोळ होतो तो बहुधा इथेच.

काही जण खबरदारी म्हणून वेबसाइटवर एक नग कमी दाखवतात. पाच असतील तर ते चालतं. हातमागाच्या एकुलत्या एक पैठणीला ते लावलं, तर ती ऑनलाइन कधी दिसणारच नाही. आणि न लावलं, तर काउंटरवर गिऱ्हाईक ती अंगावर टाकून आरशात बघत असताना तिकडे कुणीतरी पैसे भरून मोकळं होतं. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

रात्री गल्ला मोजताना बिलिंगमध्ये उणे शिल्लक दाखवणारी एखादी साडी आहे का, तेही बघत जा. असली, तर तिच्या ऑर्डरवाल्याला त्याच रात्री फोन करा. आणि एकच नग असलेली पैठणी ऑनलाइन टाकलीत, तर ती काउंटरमागच्या कपाटातून काढून वेगळ्या खणात ठेवा.