प्रेस नोटचा फक्त पहिला परिच्छेद छापून आला तर?



तुमचं पहिलं उत्पादन बाजारात येतंय आणि तुम्ही जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांना प्रेस नोट पाठवणार आहात. आज आपण त्या नोटच्या फक्त पहिल्या परिच्छेदाबद्दल बोलू. पत्रकार त्याला ‘इंट्रो’ म्हणतात.

जिल्ह्याच्या पानावर जागा मोजकी असते. ऐनवेळी एखादी जाहिरात आली, की उपसंपादक बातमी खालून कापायला लागतो. कित्येकदा शेवटी इंट्रोच तेवढा उरतो. म्हणून तो असा लिहायचा, की खालचं सगळं गेलं तरी बातमी पूर्ण राहील.

एक उदाहरण घेऊ. समजा, तासगावच्या तीन इंजिनिअर मित्रांनी बेदाणा शेडसाठी एक छोटं यंत्र बनवलंय. द्राक्षं शेडमध्ये वाळत असताना अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली, की बेदाण्याचा रंग बिघडतो आणि भाव पडतो. हे यंत्र दमटपणा वाढला की शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज पाठवतं. बस, एवढंच काम. त्यांनी पहिल्यांदा लिहिलेला इंट्रो असा:

“अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात भरारी घेणाऱ्या आमच्या कंपनीला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, बेदाणा उत्पादकांचे पावसापासून शंभर टक्के संरक्षण करणारे राज्यातील पहिले क्रांतिकारी उपकरण आम्ही सादर करीत आहोत.”

वाचायला भारी वाटतं. पण बातमीदार यात काय शोधतो? कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. कंपनी कुठली? यंत्र करतं काय? कधी, कुठे बघायला मिळेल? एकाचंही उत्तर नाही. अशी नोट एकतर बाजूला पडते, नाहीतर ‘जाहिरात विभागाशी बोला’ असं उत्तर येतं.

आता हा बघा:

“तासगाव, ता. 10 : बेदाणा शेडमधील दमटपणा वाढताच शेतकऱ्याला मोबाइलवर संदेश पाठविणारे यंत्र तासगावच्या तीन तरुण अभियंत्यांनी तयार केले आहे. (कंपनीचे नाव) या त्यांच्या नवउद्योगाचे हे पहिलेच उत्पादन आहे. त्याचे प्रात्यक्षिक रविवारी (ता. 18) सकाळी 11 वाजता येथील बाजार समितीच्या आवारात होणार आहे. यंत्राची किंमत 4,800 रुपये आहे.”

काय बदललं? सुरुवात कंपनीपासून न होता शेतकऱ्याच्या कामापासून झाली. तासगावच्या वाचकाला तुमची कंपनी अजून माहीत नाही, पण बेदाणा शेड माहीत आहे. ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ असं न लिहिता वार आणि तारीख दोन्ही दिली, कारण नोट दोन दिवस उशिरा छापली जाऊ शकते. आणि किंमत मुद्दाम शेवटच्या वाक्यात टाकली. काही संपादक किंमत म्हणजे जाहिरात समजून काढतात. ते एक वाक्य काढलं तरी बाकीच्या बातमीला धक्का लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आहे क्रियापद. पहिल्या मसुद्यात यंत्र ‘संरक्षण’ करत होतं, दुसऱ्यात ते ‘संदेश पाठवतं’. हा फरक शब्दांपुरता नाही. ‘शंभर टक्के संरक्षण’ वाचून एखाद्याने यंत्र घेतलं, रात्री पाऊस आला, मेसेजही आला, पण शेड झाकायला माणूसच नव्हता. माल गेला. तो शेतकरी छापील कात्रण घेऊन तुमच्याकडे येणार, आणि त्याचं बरोबर असेल. त्यामुळे यंत्र जे करतं तेच क्रियापद लिहा. ‘राज्यातील पहिले’ हेही पुरावा असेल तरच लिहा. ‘आमचे पहिले’ याला पुराव्याची गरज नाही.

हीच नोट सोलापूरच्या पानासाठी पाठवायची असेल तर? पंढरपूर भागातही बेदाणा होतो, पण तासगावच्या कार्यक्रमाची बातमी तिथे कोण लावणार? तिथल्या एखाद्या शेडमध्ये चाचणी घेतली असेल, तर इंट्रो तिथून सुरू करा. घेतली नसेल, तर आधी चाचणी घ्या, मग नोट पाठवा. नुसतं गावाचं नाव बदलू नका. वार्ताहर एक फोन करतो आणि त्याला कळतं.

आता तुमचा इंट्रो तपासा. खालचा सगळा मजकूर हाताने झाका. तुमच्या धंद्यातला नसलेल्या कुणाला तरी तो एकदाच मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, “वस्तू काय करते? कुणाची आहे? कुठे, कधी बघायची?” तिन्ही उत्तरं नीट आली, तर नोट पाठवा. एक जरी अडलं, तरी पुन्हा लिहायला बसा. चार वाक्यांचं तर काम आहे!