सोलापूरची चादर, नागपूरची पट्टी

सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या आडत्याकडे ४०० चादरी पाठवल्या. चाळीस-चाळीसच्या दहा गाठी बांधल्या, बिल्टी केली, विमा उतरवला आणि त्याच संध्याकाळी वहीत "नागपूर विक्री" म्हणून रक्कम टाकली. मी त्याचं पुस्तक तपासायला बसलो ते पुढच्या एप्रिलमध्ये, आणि पहिली हरकत घेतली ती याच ओळीवर. माल सोलापुरातून निघाला होता, पण तो कुणी विकत घेतला नव्हता.

आडतीवर माल पाठवणं, म्हणजे कन्साइनमेंट. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याला प्रेषण म्हणतात. यात माल जातो, पण मालकी जात नाही. नागपूरचा आडत्या त्या चादरींचा गिऱ्हाईक नसतो. तो सोलापूरच्या मालकाच्या वतीने त्या विकतो, विक्रीवर कमिशन घेतो आणि न विकलेला माल मालकाचा म्हणून सांभाळतो. चादरी जळाल्या, भिजल्या, भाव कोसळला, तरी आडत्याचा हलगर्जीपणा नसेल तर भुर्दंड मालकाचाच. म्हणून पाठवलेल्या मालाची वहीत विक्री लिहायची नाही. "नागपूर कन्साइनमेंट" नावाचं एक वेगळं खातं उघडायचं आणि त्या मालाशी जोडलेला प्रत्येक रुपया तिथे आणून बसवायचा. नागपूरचा धंदा परवडतो की नाही, हे त्या एका पानावरून कळलं पाहिजे.

आता आकडे पाहू. ते मी समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज केलेले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. चादरीची खरेदी ६०० रुपये, म्हणजे ४०० चादरींचे २,४०,००० रुपये. गाठी बांधणं, ट्रकभाडं, हमाली आणि विमा मिळून मालकाचा खर्च १२,००० रुपये. चादरीमागे ३० रुपये पडले.

ट्रक वाटेत पावसात चार दिवस अडकला. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि त्या कोपऱ्यातली एक गाठ पूर्ण भिजली. नागपुरात ती सोडली तेव्हा वरच्या चादरीचा लाल रंग खालच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरलेला आणि आतल्या घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके. चाळीसच्या चाळीस चादरी वाया गेल्या. आडत्याने एक काम चोख केलं. गाठ उतरवून घेताना बिल्टीवर "एक गाठ ओली" असा शेरा लिहून ड्रायव्हरची सही घेतली आणि फोटो सोलापूरला पाठवले. पावती कोरी सही करून दिली असती, तर विम्याचा दावा तिथेच लंगडा झाला असता.

उरलेल्या ३६० चादरी स्टेशनाजवळून गोदामात नेण्याचा खर्च आडत्याने केला, ५,४०० रुपये, चादरीमागे १५. पुढे दिवाळीपर्यंत त्याने ३०० चादरी ९०० रुपयांनी विकल्या, २,७०,००० रुपये झाले. गोदामभाडं आणि फिरत्या विक्रेत्याचा खर्च ४,५०० रुपये. कमिशन विक्रीवर ६ टक्के, शिवाय २ टक्के जादा. एकूण २१,६०० रुपये. ६० चादरी त्याच्याकडे शिल्लक.

त्या जादा २ टक्क्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण भांडणं इथेच होतात. पुस्तकात याला डेल क्रेडेर कमिशन म्हणतात. साध्या शब्दांत, उधारी बुडाली तर आडत्या भरणार, याचा मोबदला. नागपूरच्या एका लॉजमालकाने १० चादरी उधार नेल्या आणि ९,००० रुपये दिलेच नाहीत. आडत्याने पट्टीत ते ९,००० रुपये वजा करून पाठवले, आणि सोलापूरचा मालक ते कबूल करून बसला होता. वास्तविक जादा कमिशनचे ५,४०० रुपये आडत्याने घेतलेच होते, तेव्हा बुडालेली उधारी त्याची. मालकाच्या वहीत तिचा एक पैसाही यायला नको. जादा कमिशन ठरलेलंच नसतं, तर मात्र तेच ९,००० रुपये कन्साइनमेंट खात्यावर खर्च म्हणून आले असते. हे कमिशन सहसा सगळ्या विक्रीवर धरतात, रोखीच्याही. फक्त उधारीवर द्यायचं असेल तर माल पाठवण्याआधी लिहून ठरवावं.

आता भिजलेल्या गाठीकडे येऊ. व्यापाऱ्याचा मुनीम म्हणाला, "साहेब, ४०० चादरींचा खर्च आता ३६०वर वाटू, म्हणजे झालं." हिशेब सोपा दिसतो: सगळी खरेदी आणि माल गोदामात पोचेपर्यंतचा खर्च मिळून २,५७,४०० रुपये, भागिले ३६०, चादर पडली ७१५ रुपयांना. त्यावर ३०० चादरींचा नफा काढला, त्यातून कमिशन आणि विक्रीखर्च वजा केला की २९,४०० रुपये उरतात. मालकाचं मत झालं होतं की नागपूरला माल पाठवण्यात दम नाही.

मुनिमाची रीत चुकीची नव्हती, ती दुसऱ्या मालाची होती. सुकी मिरची पाठवली तर ती वाटेत आणखी सुकते. ९८,००० रुपयांची १,००० किलो मिरची नागपुरात ९८० किलो भरली, तर ही घट मालाच्या अंगचीच आहे. दर वेळी होणारच. तेव्हा किंमत ९८० किलोवर वाटायची, किलो ९८ ऐवजी १०० रुपयांना पडली म्हणायचं. ही साधारण घट. चादर मात्र प्रवासात सुकत नाही. फाटकी ताडपत्री हा अपघात आहे, ते असाधारण नुकसान. त्याचा आणि नागपूरच्या बाजाराचा काही संबंध नाही. म्हणून ते कन्साइनमेंट खात्यातून उचलून बाहेर काढायचं.

बाहेर काढताना चादर कुठे बिघडली ते पाहायचं. त्या ४० चादरींवर खरेदीचे ६०० आणि मालकाच्या खर्चाचे ३० रुपये लागले होते. गोदामात नेण्याचे १५ रुपये त्यांच्यावर लागलेच नाहीत, कारण त्या गोदामात गेल्याच नाहीत. म्हणून नुकसान ४० गुणिले ६३०, म्हणजे २५,२०० रुपये. हीच गाठ गोदामात आल्यावर छत गळून भिजली असती, तर गोदामापर्यंतचा खर्चही ४०० चादरींवर पडला असता आणि त्यातला वाटा नुकसानीत धरावा लागला असता. विमा कंपनीने पॉलिसीतली वजावट धरून १८,००० रुपये मंजूर केले. उरलेले ७,२०० रुपये थेट नफा-तोटा खात्याला. विम्याची रक्कम नागपूर कन्साइनमेंटला जमा करायची नाही. तो नागपूरचा नफा नव्हे.

शिल्लक ६० चादरींचं मोल याच विचाराने निघतं. या चादरी गोदामापर्यंत पोचल्या आहेत, म्हणून ६०० अधिक ३० अधिक १५, एकेक ६४५ रुपये; एकूण ३८,७०० रुपये. गोदामभाडं, विक्रेत्याचा खर्च आणि कमिशन यात मिळवायचं नाही. माल विक्रीच्या जागी आणेपर्यंतचा खर्च मालाच्या किमतीत जातो, विकण्यासाठी केलेला खर्च त्या वर्षाच्या हिशेबात जातो. आणि न विकलेल्या चादरीवर कमिशन कसलं?

आता खातं पूर्ण करू. नावे बाजूला खरेदी, मालकाचा खर्च, आडत्याचे दोन्ही खर्च आणि कमिशन मिळून २,८३,५०० रुपये. जमेला विक्री २,७०,०००, असाधारण नुकसान २५,२०० आणि शिल्लक माल ३८,७००. एकूण ३,३३,९०० रुपये. फरक ५०,४०० रुपये, हा नागपूरचा नफा. विकलेल्या चादरीमागे १६८ रुपये. मुनिमाच्या रीतीने तोच ९८ रुपये दिसत होता. ताडपत्रीचा दोष बाजाराच्या माथी मारला गेला होता आणि त्यापायी चांगली पेठ सोडायची वेळ आली होती.

त्या रीतीत आणखी एक दोष लपला होता. प्रत्येक शिल्लक चादर ७१५ रुपयांना धरल्यामुळे साठा ४,२०० रुपयांनी फुगला होता. म्हणजे वाया गेलेल्या गाठीचा तोटा शिल्लक मालात दडून पुढच्या वर्षात ढकलला गेला होता.

आडत्याचा हिशेब यापेक्षा छोटा असतो. २,७०,००० रुपयांतून त्याने आपला ९,९०० रुपयांचा खर्च आणि २१,६०० रुपयांचं कमिशन कापायचं, उरले २,३८,५००. माल मिळताच त्याने ८०,००० रुपये उचल म्हणून पाठवली होती, ती वजा जाता येणं १,५८,५०० रुपये. पट्टीत किती माल मिळाला, किती विकला, कोणत्या भावाने, किती शिल्लक, हे सगळं असलं पाहिजे. मिळालेल्या चादरी आणि विकलेल्या-शिल्लक चादरी जुळल्या की अर्धं काम झालं: ३०० अधिक ६० अधिक ओली गाठ ४०, बरोबर ४००.

जीएसटीचा एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. वहीत ही विक्री नाही, पण आडत्या स्वतःच्या नावाने गिऱ्हाइकाला बिल करत असेल, तर मालकाने त्याच्याकडे माल पाठवणं हाच करपात्र पुरवठा ठरतो, त्या वेळी मोबदला मिळालेला नसला तरी. सप्टेंबर २०१८च्या परिपत्रकाने बिल कुणाच्या नावाने निघतं हीच कसोटी सांगितली आहे. तेव्हा माल पाठवण्याआधी आडत्याचं बिलबुक एकदा नजरेखालून घाला.

राहता राहिला ३१ मार्च. त्या दिवशी त्या ६० चादरी नागपुरात असल्या तरी सोलापूरच्या ताळेबंदात दिसल्या पाहिजेत. त्यांचा भाव पडून ६५० झाला असेल, तर ८ टक्के कमिशन जाऊन हाती ५९८ रुपयेच येतील. मग ६४५ नव्हे, ५९८नेच मोल धरायचं, कारण खर्च आणि मिळू शकणारी रक्कम यातलं कमी तेच घेण्याचा नियम आहे. आडतीवर माल पाठवणाऱ्या प्रत्येकाने मार्चअखेर आडत्याकडून शिल्लक मालाची सही-शिक्क्याची यादी मागून घ्यावी, आणि जमलं तर एकदा स्वतः जाऊन त्या गाठी मोजून याव्यात.