घोषवाक्यासाठी काय सोडलं?

'डव्ह'ने 2004 मध्ये 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम सुरू केली. जाहिरातीत नेहमीच्या मॉडेल नव्हत्या. सुरकुतलेल्या, जाड, चारचौघींसारख्या बायका होत्या. आहात तशा सुंदर आहात, असा एकूण सूर. जगभर वाहवा झाली. पण डव्ह ज्या युनिलिव्हरची, तिचीच भारतातली कंपनी 1975 पासून 'फेअर अँड लव्हली' विकत होती. तिच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून बाप उसासे टाकतो, सावळी मुलगी क्रीम लावून उजळते, हवाई सुंदरी होते आणि घराचे दिवस पालटतात. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ही जाहिरात बंद झाली. क्रीमचा खप मात्र चालूच राहिला.

म्हणून एखादा ब्रँड काय बोलतो, एवढ्यावर थांबू नये. त्याच मालकाच्या बाकीच्या मालावर काय लिहिलंय, तेही बघावं.

जून 2020 मध्ये याची उघड परीक्षा झाली. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णभेदावर जगभर लोक रस्त्यावर आले आणि गोरेपणाची क्रीमं अडचणीत आली. हिंदुस्तान युनिलिव्हरने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. वेष्टनावरची आधीचा-नंतरचा असे दोन चेहरे दाखवणारी चित्रं वर्षभर आधीच काढली होती, हे श्रेय द्यायला हवं. पण उत्पादन दुकानात राहिलं, आणि जुनं नाव तोंडात बसलेल्या गिऱ्हाइकाला नवी ट्यूब ओळखायला कष्ट पडले नाहीत. त्याच महिन्यात जॉन्सन अँड जॉन्सनने 'क्लीन अँड क्लिअर'ची भारतातली गोरेपणाची क्रीमं विकणंच थांबवायचं ठरवलं. एकीने पाटी बदलली, दुसरीने माल काढला.

माझ्या मते कसोटी हीच: बोलल्याप्रमाणे वागताना कंपनीने काय सोडलं? आणि जे सोडलं, त्याची तिला झळ बसली का? एवढ्या मोठ्या जॉन्सनला दोन-चार क्रीमं सोडणं फार जड गेलं नसणार.

झळ बसल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीने 2014 मध्ये सिगारेट-तंबाखू विकणं बंद केलं. आरोग्य सांभाळायचं म्हणायचं आणि त्याच दुकानात सिगारेट विकायची, हे जमत नाही, असं तिचं म्हणणं. यात वर्षाला सुमारे 2 अब्ज डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडावं लागणार, हे कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. मुदत ऑक्टोबरची होती. सप्टेंबरमध्येच मांडण्या रिकाम्या झाल्या.

यात धंद्याचा हिशेब नव्हता असं नाही. सीव्हीएसला आरोग्यसेवेत पाय रोवायचे होते. त्याच सुमारास तिने नावही 'सीव्हीएस हेल्थ' करून घेतलं. त्याने निर्णय खोटा ठरत नाही, कारण आकडा आधी सांगितला होता आणि तारीखही पाळली. साखरेची पेयं आणि चिप्स मात्र त्या दुकानांतून हलले नाहीत.