नेट गेलं, पण कुणाकुणाचं?

डोंबिवलीसारख्या ठिकाणी नेहमी घडणारा प्रसंग घ्या. सहा मजली इमारत, संध्याकाळी सातची वेळ. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला संदेश येतो, ‘नेट गेलंय का कोणाचं?’ दोन मिनिटांत चार अंगठे आणि तीन ‘हो’. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून रीसेट मारलेला असतो, आणि पाचव्या मजल्यावरचा कॉलेजकुमार मोडेमची वायर काढून थेट लॅपटॉपला जोडत असतो. तासाभराने सगळ्या इमारतीचं नेट परत येतं. या दोघांचं मात्र येत नाही.

असं का होतं, हे समजायला केबल घरापर्यंत येते कशी ते पाहावं लागतं. केबलवाल्याच्या मुख्य केंद्रातून फायबर निघते आणि गल्लीतल्या एखाद्या पेटीपर्यंत येते. तिथून पुढे टीव्हीची ओळखीची काळी जाड कोॲक्स वायर इमारतीत शिरते. लांब वायरीत सिग्नल क्षीण होतो, म्हणून गच्चीवर किंवा जिन्याच्या कोपऱ्यात एक अॅम्प्लिफायर बसवलेला असतो. त्यातून मजल्यामजल्यावर फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका घरातल्या मोडेमपर्यंत जातो. मोडेमच्या पुढचा वायफाय राउटर हा शेवटचा टप्पा. आपल्याला दिसतो तो एवढाच, म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो.

अॅम्प्लिफायरला वीज लागते. बऱ्याच इमारतींत ती सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलेली असते. कुठे कुठे तळमजल्याच्या दुकानातूनही. पाण्याचा पंप सुरू होताना कॉमन लाइनचा एमसीबी पडला, की जिन्यातले दिवे जातात आणि त्यांच्यासोबत अॅम्प्लिफायरही. घरांतली वीज मात्र चालू असते, राउटर मजेत लुकलुकत असतो आणि फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात. त्या दांड्या फक्त फोन आणि राउटर यांच्यातलं नातं सांगतात. राउटरच्या पलीकडचं काहीच नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू असतो तेव्हाही हाच घोळ होतो. घरात उजेड असतो, गच्चीवरचा डबा मेलेला असतो.

खरी बातमी मोडेमच्या दिव्यांत असते. केबल मोडेमवर साधारण चार दिवे असतात: पॉवर, DS, US आणि Online. मोडेम आधी खाली येणारा सिग्नल शोधतो, तेव्हा DS लुकलुकतो. तो सापडला की मुख्य केंद्राला उत्तर पाठवून जुळवून घेतो. तेव्हा US लुकलुकतो. मग केंद्राकडून त्याची मांडणी उतरते आणि Online स्थिर होतो. DS लुकलुकतच राहिला तर सिग्नल घरात पोचतच नाही. Online स्थिर असूनही काही उघडत नसेल, तर दोष आपल्या राउटरमध्ये, बिलात किंवा केबलवाल्याच्या पुढच्या यंत्रणेत असू शकतो. ज्यांना खोलात शिरायचं असेल त्यांनी ब्राउझरमध्ये 192.168.100.1 टाकावं. बहुतेक केबल मोडेम त्या पत्त्यावर आपली स्थिती दाखवतात, आणि तिथे नुसतं पाहिल्याने काही बिघडत नाही.

आता शेजारी. ‘तुमचं नेट चालू आहे का?’ हा प्रश्न कुचकामी आहे, कारण निम्म्या लोकांचा फोन वायफाय अडखळताच गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ते निरागसपणे ‘हो, चालू आहे’ म्हणतात. मोबाइल डेटा बंद करून पाहायला सांगावं. केबल कोणाची, हेही विचारावं, कारण एकाच इमारतीत दोन-तीन जणांच्या वायरी असतात आणि पलीकडच्या कंपनीचं नेट चालू असण्याने काहीच सिद्ध होत नाही. तिसरा प्रश्न टीव्हीचा. त्याच वायरीवरचा सेट-टॉप बॉक्सही ‘नो सिग्नल’ म्हणत असेल, तर वायर तुटली आहे किंवा अॅम्प्लिफायर बंद आहे. टीव्ही छान दिसतो आणि नेट तेवढं गेलंय, तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे वळूच.

वरच्या मजल्यांचं गेलंय आणि खालच्यांचं चालू आहे, की अख्खी इमारत, की समोरची सोसायटीसुद्धा? एवढी माहिती गोळा झाली की केबलवाल्याला फोन करावा, तोही एकानेच. वीस जणांनी ‘नेट नाही’ एवढंच ओरडण्यापेक्षा ‘बी विंग, सगळे मजले, टीव्ही पण बंद, सातपासून, आणि जिन्यातले दिवेही गेलेत’ हे एक वाक्य त्याला जास्त उपयोगी पडतं. अनेकदा तो तिथेच म्हणतो, ‘वॉचमनला कॉमनचा एमसीबी बघायला सांगा.’ सोबत कंपनीच्या तक्रार केंद्रात आपल्या खात्यावर नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. बंद पडलेल्या दिवसांच्या पैशांचा विषय निघाला, तर तारीख त्या नोंदीवरूनच ठरते.

वीज परत आली की मोडेम आपणहून पुन्हा शोध सुरू करतो आणि काही मिनिटांत जागेवर येतो. त्याला कोणी हात लावायची गरज नसते. टाचणीवाल्या शेजाऱ्याच्या राउटरमधून मात्र वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसला गेलेला असतो. कनेक्शनला लॉगिन असेल तर तेही, आणि ते लिहिलेला कागद बहुधा जोडणी करणाऱ्या मुलाबरोबरच गेलेला असतो. लॅपटॉपवाल्याची अडचण निराळी. अनेक केबल मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या एकाच उपकरणाचा मॅक क्रमांक धरून बसतात, म्हणून राउटर परत जोडला तरी त्याला दाद मिळत नाही. मोडेमचा प्लग काढून, मिनिटभर थांबून, पुन्हा लावला की बहुधा सुटतं. केबलवाल्याने आपल्याकडेच राउटरचा क्रमांक बांधून ठेवला असेल, तर नवा राउटर आणून उपयोग नाही. तो क्रमांक त्याच्या कार्यालयातूनच बदलावा लागतो.

टीव्ही चालू आणि नेट बंद, ही तक्रार सगळ्यात चिवट. टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेने येतो, इंटरनेटला परतीची वाटही लागते. ही परतीची वाट सगळ्या घरांची सामायिक असते. प्रत्येक फाट्यावरून आलेला गोंगाट अॅम्प्लिफायरपाशी एकत्र होतो आणि तसाच वर जातो. एखाद्या घरात रंगकाम करताना वायर उपटून उघडी टाकली, किंवा बाजारातला स्वस्त स्प्लिटर लावून दुसऱ्या खोलीत टीव्ही जोडला, की तेवढ्या ढिल्या जोडातून आत शिरलेला विजेचा गोंगाट सगळ्या इमारतीच्या मोडेमना मुख्य केंद्राशी बोलू देत नाही. नेट कधी येतं, कधी जातं. ज्याच्या घरात दोष असतो, त्याला पत्ताही नसतो.

अशा वेळी केबलवाल्याचा माणूस गच्चीवर जाऊन फाटे एकेक करून सोडवतो आणि कोणता सुटल्यावर गोंगाट थांबतो ते मीटरवर पाहतो. गोंगाटाचा फाटा सापडला की तो त्या मजल्यावर उतरतो आणि दार वाजवतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काका, एवढ्यात वायरीचं काही काम केलंत का घरात?’