गाठ सुटली, पण का?

बालमित्रांनो, आधी एक काम करा. घरातून एक दोरी शोधून आणा. दोन-तीन हात लांब आणि पेन्सिलीएवढी जाड असली म्हणजे झालं. आणलीत? आता ती हातातच असू द्या, कारण हा लेख नुसता वाचायचा नाही, करून बघायचा आहे.

आमचं मुलामुलींचं एक पथक आहे. मुकुंदवाडीत दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की तिसरी ते सातवीची मुलं मैदानातल्या लिंबाखाली जमतात. स्काउट-गाइडमध्ये शिकवतात त्यातलं थोडंथोडं आम्ही तिथे शिकतो. सर्वांचा आवडता तास म्हणजे दोरीचा. याच तासाला एकदा एक गोष्ट घडली आणि चूक कोणाची होती, तर तुमच्या या बाईंची!

त्या दिवशी आम्ही 'दोरीचं रिंगण' खेळत होतो. खेळ सोपा आहे. लांब दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून तिचं मोठं कडं करायचं. दहा मुलांनी कड्याच्या बाहेर, आत तोंड करून उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी दोरी धरायची. मग सगळ्यांनी एकदमच हळूहळू मागे रेलायचं. जमलं, तर दहाही जण मागे कललेले असतात आणि तरी कोणी पडत नाही. प्रत्येकाला बाकीच्या नऊ जणांनी धरलेलं असतं. एकाने बढाई मारायला हिसका दिला, की समोरचा पुढे ओढला जातो. एकाने हात सोडला, की सारं रिंगण डगमगतं.

दोरीची टोकं मी रीफ नॉटने बांधली होती. ही गाठ पथकातल्या प्रत्येकाला येते. चला, तुम्हीही बांधा. उजवं टोक डाव्या टोकावर ठेवा आणि खालून वळवून वर काढा. आता डावीकडे गेलेल्या त्याच टोकाने पुन्हा सुरुवात करा. ते उजव्याकडच्या टोकावर ठेवा, खालून वळवा, वर काढा आणि ओढा. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, दोन्ही वेळा वर राहणारं टोक एकच.

गाठ बरोबर आली की नाही, हे कसं ओळखायचं? गाठ चपटी दिसायला हवी आणि प्रत्येक आखूड टोक आपल्याच दोरीला चिकटून, तिच्या शेजारी झोपलेलं हवं. टोकं आडवी बाहेर आली असतील, तर तुमची रीफ नॉट झाली नाही, तिची फसवी बहीण झाली. इंग्रजीत तिला 'ग्रॅनी नॉट' म्हणजे आजीची गाठ म्हणतात. (आजीने ऐकलं, तर रागावेल!) ही गाठ ओढली की घसरते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी यामागचं कारण २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. त्यासाठी त्यांनी ताण पडला की रंग बदलणारे तंतू वापरले होते. गाठ आवळताना दोरीला पीळ बसतो. रीफ नॉटमध्ये शेजारशेजारचे पीळ उलटसुलट दिशांचे असतात, म्हणून ते एकमेकांना अडवून धरतात. ग्रॅनीमध्ये ते एकाच दिशेने फिरतात, म्हणून दोरी गडगडत सुटते.

तर रिंगणाची गाठ मी नीट तपासली होती. टोकं दोरीला चिकटलेली होती. दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली, हलली नाही. मग मी "एक, दोन, तीन!" म्हटलं. मुलं रेलली. पहिल्यांदा झकास जमलं. दुसऱ्यांदाही जमलं. तिसऱ्यांदा रेलताना सहावीतला एक मुलगा ओरडला, "बाई, गाठ सुटायली!" मी "थांबा" म्हणेपर्यंत गाठ सुटली आणि दहाही जण मागे आपटले.

बहुतेकांना हसूच आलं. पण पाचवीतल्या एका मुलीचं कोपर खरचटलं आणि रक्त आलं. आम्ही जखम स्वच्छ पाण्याने धुतली. हात नीट हलतो ना, ते पाहिलं. मग मुलांनीच पट्टी बांधली. कोणत्या गाठीने? रीफ नॉटने! मी पाहतच राहिले. जी गाठ आत्ता आम्हाला पाडून गेली, तीच इथे अगदी योग्य होती. पट्टीवर ती चपटी बसते, टोचत नाही. पट्टीखालचा हात मऊ असतो, तो गाठीला सतत हलकासा ताण देत राहतो. शिवाय पट्टी बदलायची असेल, तेव्हा गाठ चटकन सोडता येते.

चटकन सोडता येते! इथेच उत्तर होतं. तुमच्या हातातली रीफ नॉट घ्या. एक आखूड टोक एका हातात धरा आणि त्याच दोरीचा लांब भाग दुसऱ्या हातात. आता दोन्ही हात विरुद्ध दिशांना झटक्याने ओढा. काय झालं? ती दोरी सरळ झाली आणि दुसरी दोरी तिच्याभोवती नुसता फेर धरून राहिली. तो फेर बोटाने सरकवा, अलगद निघून येतो. गाठ संपली!

आम्ही मुलांना विचारलं, "गाठीजवळ कोण होतं?" चौथीतल्या एका चिमुरडीने हात वर केला. हात लहान, म्हणून तिने दोरीबरोबर गाठीचं लोंबणारं टोकही मुठीत धरलं होतं. रेलताना तिच्याकडून तेच टोक ओढलं गेलं. तिचा काहीच दोष नव्हता. एका टोकाला हिसका बसताच उलगडणारी गाठ मी अशा जागी बांधली होती, जिथे दहा मुलांचा भार तिच्यावर होता.

हे काही मला एकटीलाच कळलेलं नाही. क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकन लेखकाने १९४४ साली गाठींचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. रीफ नॉटबद्दल त्याने बजावून ठेवलं आहे, की दोन दोऱ्या जोडण्यासाठी ही गाठ वापरल्यामुळे जितके अपघात आणि मृत्यू झाले, तितके दुसऱ्या अर्धा डझन गाठी मिळूनही झाले नसतील. म्हणजे गाठ वाईट नाही, तिला दिलेलं काम चुकीचं आहे. रीफ नॉट बांधायची ती पट्टीवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. माणसाचा भार पेलायला कधीच नाही.

मग रिंगणासाठी कोणती गाठ? आता आम्ही डबल फिशरमन्स नॉट बांधतो. फिशरमन म्हणजे कोळी. तीही करून बघू या. दोरीची दोन्ही टोकं समोरासमोरून आणा आणि निदान दोन वीत लांबीपर्यंत एकमेकांशेजारी ठेवा. आता एका टोकाने दोन्ही दोऱ्यांभोवती दोन वेढे घ्या. वेढे घेताना त्या टोकाने आपल्याच दोरीच्या बाजूला मागे मागे यायचं. मग ते टोक दोन्ही वेढ्यांच्या पोटातून बाहेर काढा आणि आवळा. दुसऱ्या टोकाचंही तसंच करा. शेवटी दोन्ही लांब भाग ओढा. दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतील. एका बाजूने पाहिलं तर शेजारीशेजारी चार सरळ वेढे दिसतात आणि उलट बाजूने दोन फुल्या. तसं दिसलं नाही, तर सोडून पुन्हा बांधा. या गाठीतून उरलेलं टोक दोरीच्या जाडीच्या दहापट ठेवावं. आमची सुती दोरी १२ मिलिमीटर जाड आहे, म्हणून आम्ही १२ सेंटिमीटर ठेवतो आणि चिकटपट्टीने दोरीला चिकटवून टाकतो. कोणाच्या मुठीत यायलाच नको! दहा मुलांच्या रिंगणाला साडेसात मीटर दोरी पुरते.

आणखी एक नवं काम निघालं, 'गाठीचा राखणदार'. दर शनिवारी एक जण खेळत नाही, फक्त गाठीकडे बघतो. गाठ सरकताना दिसली, की त्याने "थांबा!" म्हणायचं आणि सगळ्यांनी दोरी न सोडता एक पाऊल पुढे यायचं. एकदम हात सोडायचे नाहीत. सुरुवातीला राखणदार व्हायला कोणी तयार नसायचं. आता त्यासाठी पाळी लावावी लागते.

मुलांनी मग मला एक प्रश्न विचारला, "बाई, हीच जोडलेली दोरी रस्सीखेचला घेऊ का?" नाही! का, ते हिशोबाने पाहा. समजा, प्रत्येक मुलगा १० किलो जोराने मागे रेलतो. रिंगणात दहा मुलांचा जोर सगळ्या दिशांना वाटला जातो आणि गाठीवर साधारण १६ किलोंचाच ताण येतो. रस्सीखेचमध्ये पाच मुलं इकडे आणि पाच तिकडे. तिथे सगळा जोर एकाच रेषेत येतो, म्हणून दोरीच्या मधोमध ५० किलो. मुलं तीच, दोरी तीच, ताण तिप्पट! शिवाय कोणतीही गाठ मारली, की त्या जागी दोरीची ताकद कमी होते. म्हणून रस्सीखेचची दोरी अखंडच हवी.

आणि ती नायलॉनची नको. नायलॉन ताणलं की लांबतं आणि तुटलं, तर रबरासारखं उसळून मागे येतं. १९९७ साली तैवानमधल्या तैपेई शहरात सुमारे १,६०० लोक एकच रस्सी ओढत होते. ती नायलॉनची रस्सी तुटली आणि दोन माणसांनी आपला एकेक हात गमावला. म्हणून आमच्या पथकात दोरी हाताला किंवा कमरेला कधीच गुंडाळायची नाही. फक्त मुठीत धरायची, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. गळ्यात दोरी तर गमतीतही घालायची नाही.

आईबाबांना एक विनंती. दोरीचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच होऊ द्या आणि खेळाआधी सगळी दोरी एकदा हातातून फिरवा. कुठे धागे तुटून केसाळ झाली आहे का, मध्येच चपटी किंवा मऊ पडली आहे का, बुरशीचा वास येतो का, ते बघा. असं काही आढळलं, तर तेवढा तुकडा कापून जोडू नका. ती दोरी कपडे वाळत घालायला ठेवा.

आणि मित्रांनो, तुमच्या हातातल्या दोरीला आता दोन गाठी येतात. उद्या वर्गातल्या मित्राला दोन्ही शिकवा. पण शिकवताना आधी एक विचारा, "ही गाठ कशासाठी बांधायची आहे?"

ती कोपर खरचटलेली मुलगी पुढच्या शनिवारी आली, तेव्हा माझ्याआधी तिनेच जाऊन रिंगणाची गाठ तपासली. उलट बाजूने वळवून दोन फुल्या मोजल्या आणि मग म्हणाली, "बाई, बरोबर आहे. आता रेलू."